न विचारता गटात घेतले, आता परिचय काय द्यायचा?



गेल्या हंगामात सोयाबीनची सोंगणी चालू होती तेव्हाची गोष्ट. रिठदला घरी होते. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास फोन वाजू लागला तो थांबेचना. पाहिले तर कुणीतरी मला एका व्हॉट्सअॅप गटात टाकले होते. गटाचे नाव वाशीम जिल्ह्यातील सामाजिक कार्यकर्ते, समुपदेशक वगैरेंचे. सदस्य २१८. मला कुणी विचारले नव्हते, कळवले नव्हते. आत गेल्या गेल्या पहिला संदेश दिसला : "नवीन सदस्यांनी आपला परिचय द्यावा. पूर्ण नाव, गाव, पद."

आई चुलीपाशी होती. म्हणाली, "कोन हाय वो इतक्या राती?"

म्हटलं, "कोणी नाही. एका ग्रुपात टाकलं मला."

"तुले इचारलं नाई?"

"नाही."

"मंग त्याईले काऊन सांगतं तू कोन हायस ते?"

आईचा प्रश्न साधा होता आणि तोच या लेखाचा विषय आहे. आपल्या चळवळीतले अनेक तरुण-तरुणी आज आशा, अंगणवाडी, शिक्षण, वकिली, समुपदेशन, बालहक्क अशा क्षेत्रांत काम करतात. प्रत्येकाच्या फोनमध्ये असे दहा-पंधरा गट आहेत आणि त्यातल्या निम्म्यात तरी आपण स्वतःहून गेलेलो नाही. तिथे टाकलेला पहिला संदेश आपण दोन मिनिटांत उरकतो. पण त्या दोन मिनिटांत आपण काय काय देऊन टाकतो आणि काय लपवतो, यावर बोलायला हवे.

परिचय विचारणारा प्रश्न आपल्यासाठी कधीच साधा नव्हता

'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी १९०१ सालचा मसूर स्टेशनवरचा प्रसंग सांगितला आहे. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले गोरेगावला वडिलांकडे निघालेली. कपडे नीटनेटके. स्टेशनमास्तर आपुलकीने जवळ आला, चौकशी केली. कोण तुम्ही, असे विचारल्यावर भीमरावाने क्षणाचाही विचार न करता खरे सांगितले. महार म्हटल्याबरोबर त्या माणसाचा चेहरा बदलला, तो मागे सरला आणि आपल्या खोलीत निघून गेला. पुढे गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन पोरांनी स्वतः बैलगाडी हाकली आणि गाडीवान बाजूने पायी चालला.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला अर्विंग गॉफमन शिकवला होता. माणूस दुसऱ्यासमोर आला की आपले एक रूप मांडतो आणि समोरचाही ते रूप सांभाळून घेतो, असे तो म्हणतो. हे वाचताना मला मसूरचे स्टेशन आठवले होते. आपल्याकडे रूप मांडायची संधी मिळण्याआधीच समोरचा एक शब्द मागतो आणि त्या एका शब्दावर पुढचे सगळे ठरते. गटातली "पूर्ण नाव, गाव, पद" ही मागणी त्याच जातीची आहे. मागणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही. स्टेशनमास्तरच्या मनातही आधी वाईट नव्हते.

म्हणून मी ठरवले की लगेच काही लिहायचे नाही.

आधी वाचक कोण, ते पाहा

गटाच्या नावावर बोट ठेवले की माहिती उघडते. गट कुणी काढला, कधी काढला, वर्णन काय लिहिले आहे, संदेश फक्त अॅडमिन टाकू शकतात की सगळे, हे तिथे दिसते. माझ्या गटात वर्णनाची जागा रिकामी होती आणि संदेश सगळ्यांना टाकता येत होते. मग मी सदस्यांची यादी शेवटपर्यंत पाहिली. पंधरा मिनिटे लागली. ओळखीचे क्रमांक बारा निघाले. त्यात रिसोडच्या दोन कार्यकर्त्या, वाशीमचे एक वकील, एक अंगणवाडी पर्यवेक्षिका. बाकीच्यांची नावे ~ या चिन्हासह त्यांनी स्वतः ठेवली तशी दिसत होती. त्यात एक स्थानिक पत्रकार होता. एका पक्षाचे चिन्ह फोटोत लावलेले तिघे होते. एका सरपंच बाईंचे यजमानही होते.

म्हणजे गटाचे नाव व्यवसायाचे, पण वाचणारे सगळे त्या व्यवसायाचे नव्हते. ही एक गोष्ट कळली आणि माझ्या परिचयातल्या तीन ओळी तिथेच गळाल्या.

दुसरे असे की आपण येण्याआधीचे संदेश आपल्याला सहसा दिसत नाहीत. गटाचा रिवाज काय, काल कुणाशी कुणाचा वाद झाला, हे ठाऊक नसते. म्हणून मी गटात न लिहिता अॅडमिनला वेगळा संदेश केला : "सर नमस्कार. आज आपण मला या गटात घेतलेले दिसले. गट नेमका कशासाठी आहे आणि माझा नंबर कुठून मिळाला, एवढे कळवाल का? मग मी परिचय टाकते." यात भांडण नाही, आभारही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आले. वाशीमला झालेल्या एका प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकावरून नंबर घेतले होते. मित्रांनो, हजेरीपत्रक आठवा. अनुक्रमांक, नाव, गाव, पद, मोबाईल, सही. आपण सही करतो ती त्या दिवशी हजर होतो म्हणून. माझा नंबर दोनशे अनोळखी लोकांना दाखवा, यासाठी ती सही नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. स्वतःबद्दलची माहिती कुणाच्या हाती जावी यावर माणसाचा ताबा असणे, हाही त्या विचाराचा भाग आहे. हजेरीपत्रकाचा कागद एका हेतूने भरला जातो आणि दुसऱ्या हेतूने वापरला जातो, तेव्हा तो ताबा सुटतो.

माझ्यासारख्या बाईसाठी हा तात्त्विक प्रश्न नाही. ज्या नंबरवर मारहाण झालेली बाई रात्री फोन करते, तोच नंबर आता कुणाच्याही हातात होता. परिचय टाकल्याच्या दुसऱ्या रात्री साडेनऊला एकाचा फोन आला. "मॅडम, सहज ओळख करायला." मी सांगितले, कामाचे असेल तर दिवसा संदेश करा. तो पुन्हा दोनदा वाजला. नंबर बंद केला आणि वेळेसह अॅडमिनला कळवला.

ज्यांना हे टाळायचे आहे त्यांनी एक काम आजच करावे. Settings मध्ये Privacy, त्यात Groups. तिथे Everyone असेल तर कुणीही आपल्याला गटात ओढू शकतो. My contacts केले तर फक्त आपल्याकडे नंबर साठवलेले लोक. My contacts except… निवडून सगळ्यांनाच वगळले तर थेट कुणीच घेऊ शकत नाही. अॅडमिनला आपल्याला आमंत्रण पाठवावे लागते आणि ते आपण तीन दिवसांत स्वीकारले नाही तर रद्द होते. ही सोय २०१९ पासून आहे. पण ती पुढच्या वेळेसाठी. जिथे आधीच टाकले गेलो आहोत तिथला नंबर दिसून गेलेला असतो.

मग बाहेर का पडले नाही? पडता आले असते. आता बाहेर पडल्याची सूचना फक्त अॅडमिनला जाते. पण सोडून गेलेल्यांची यादी गटाच्या माहितीत साठ दिवस सगळ्यांना पाहता येते, म्हणजे निघणेही पूर्ण गुपचूप नसते. शिवाय खरे सांगायचे तर त्या बारा जणांची मला गरज होती. रिसोड तालुक्यात एखाद्या मुलीला समुपदेशकापर्यंत न्यायचे तर कुणाला फोन करावा, हे मला तोपर्यंत अंदाजानेच माहीत होते.

माझे तीन मसुदे

पहिला मसुदा वहीत लिहिला. त्यात एम. ए. समाजशास्त्र होते, किती वर्षांचा अनुभव होता, कोणकोणती प्रशिक्षणे घेतली होती, एक सत्कारही होता. वाचून पाहिला तर तो नोकरीचा अर्ज झाला होता. आपल्या पोरांचे परिचय असेच लांब होतात आणि त्याला कारण आहे. ज्याच्या हुशारीवर पिढ्यानपिढ्या शंका घेतली गेली, तो पदवी पुढे करून दार उघडतो. मी त्याला नावे ठेवणार नाही. पण दोनशे लोकांपैकी कुणालाही त्यातून हे कळले नसते की मला फोन कशासाठी करायचा.

दुसरा मसुदा उलट टोकाचा झाला. "माझ्यासारख्या सामान्य कार्यकर्तीला एवढ्या मान्यवरांच्या गटात स्थान दिल्याबद्दल अॅडमिन सरांची शतशः ऋणी आहे." लिहून झाल्यावर आईचा प्रश्न आठवला. मला विचारले नव्हते आणि मी ऋणी कशाची? आपला नंबर न विचारता घेणाऱ्याचे आपणच उपकार मानायचे, ही सवय आपल्या आजोबांनी पाटलाच्या वाड्यासमोर शिकली होती. ती फोनमध्ये आणायची गरज नाही. सभ्यता हवीच. पण सभ्यतेला 'नमस्कार' पुरतो.

तेव्हा मला एक पत्र आठवले. जुलै १९४६ च्या सुमारास बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. दोघांची कधी भेट झालेली नव्हती. म्हणजे हाही पहिलाच संदेश. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला, व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री राहिलेला हा माणूस त्या पत्रात एकही पदवी सांगत नाही. आपली भेट नाही पण नावाने ओळखतो, मी भारतातल्या अस्पृश्यांपैकी आहे, तुमचे लेखन वाचत आलो आहे, दोन्ही समाजांच्या स्थितीत साम्य आहे, आणि तुमच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मला मिळवून द्याल का. एवढेच. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ ला उत्तर दिले.

त्या पत्रात मला परिचयाचे चार भाग दिसतात. मी कोण आणि कुठे उभा आहे, ते एका वाक्यात. तुमच्याशी माझा संबंध काय. काम काय. आणि समोरच्याला सहज देता येईल अशी एक नेमकी मागणी. मागणी नसती तर ड्यू बॉइस यांनी उत्तरात काय लिहिले असते? मागणी असली की उत्तर देणे सोपे होते. फरक एवढाच की बाबासाहेबांनी वाचणारा स्वतः निवडला होता, माझ्यासमोर २१८ न निवडलेले वाचणारे होते. म्हणून मला पाचवा भाग जोडावा लागला, तो म्हणजे मर्यादा : कधी फोन करावा आणि गटात काय टाकू नये.

तिसरा मसुदा असा झाला. नाव इथे गाळले आहे, तिथे पूर्ण लिहिले होते.

"नमस्कार, जय भीम. मी (पूर्ण नाव), रिठद, ता. रिसोड. अॅडमिन सरांनी काल मला या गटात घेतले. रिसोड तालुक्यात बालविवाह, शाळा सुटलेली मुले आणि घरातली मारहाण या विषयांवर गावपातळीवर काम करते. या भागात गृहभेट करायची असेल किंवा कुणा बाईला, मुलाला कार्यालयापर्यंत सोबत हवी असेल तर कळवा. वेळ सोमवार ते शनिवार, १० ते ६. तातडीचे असेल तर आधी १०९८, १८१ किंवा ११२. कुणाचे नाव वा फोटो गटात न टाकता मला थेट सांगावे. एक विचारायचे होते : आपल्या तालुक्यातले समुपदेशक या गटात कोण आहेत?"

सकाळी अकराला टाकला. रात्री टाकलेला परिचय सकाळच्या फुलांच्या आणि सुविचारांच्या फोटोंखाली गाडला जातो. तासाभराने आपल्याच संदेशावर बोट दाबून Info पाहिले तर ६४ जणांनी वाचला होता. उत्तर एकाचे होते, वाशीमच्या एका समुपदेशक ताईंचे : "मी आहे. रिसोडला बुधवारी असते." मला एवढेच हवे होते. ६३ जण गप्प राहिले म्हणून वाईट वाटून घेऊ नये. गटात लोक वाचून पुढे जातात. उत्तर न मिळणे म्हणजे अपमान नव्हे. मात्र तुमच्यानंतर आलेल्या प्रत्येकाला हार-फुले आणि तुमच्याच वेळी शांतता असे चार-पाचदा झाले, तर ते लक्षात ठेवावे.

'जय भीम' लिहायचे की नाही

आता अवघड भागाकडे येते. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

त्याच्या साधारण दोन वर्षे आधी मला असेच एका दुसऱ्या गटात घेतले होते. तिथे मी सवयीने "जय भीम" लिहून परिचय टाकला आणि लगेच घाबरले. सगळे मोठे अधिकारी, काय म्हणतील? पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो. मी बदलला. "जय भीम" काढून "नमस्कार" केला. पण बदललेल्या संदेशाच्या खाली Edited असा शिक्का राहतो. काय होते ते कुणाला दिसत नव्हते, काहीतरी पुसले एवढे सगळ्यांना दिसत होते. तो संदेश अजून तिथे आहे. कधी वर सरकवत गेले की तो दिसतो आणि स्वतःची लाज वाटते.

'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय आपल्या विदर्भातल्या कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. १९३७ साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून गेले आणि १९३९ मध्ये ऐन तारुण्यात वारले. जोहार, रामराम करणाऱ्या माणसाला बरोबरीने बोलायचा शब्द त्यांनी दिला. तो शब्द मी पंधरा मिनिटांत मागे घेतला होता.

या वेळी मी तो ठेवला. अर्ध्या तासात एका सदस्याचा संदेश आला : "मॅडम, हा कामाचा गट आहे. राजकीय घोषणा नकोत." त्याच दिवशी सकाळी गटात "राम राम" होता, "जय जिजाऊ" होता, पोहरादेवी आपल्याच जिल्ह्यात म्हणून "जय सेवालाल" तर रोजचा होता. त्या कुणालाच घोषणा म्हटले गेले नव्हते आणि म्हणायचे कारणही नव्हते. तीही अभिवादनेच आहेत.

राग आला. पण मी एकच ओळ लिहिली : "सर, हे माझे अभिवादन आहे. गटात सगळ्यांनी फक्त नमस्कार म्हणायचे असा नियम अॅडमिन करत असतील तर मीही पाळीन." बस. अॅडमिन काहीच बोलले नाहीत, नियमही झाला नाही. थोड्या वेळाने एका बंजारा कार्यकर्त्याने लिहिले, "जय भीम, जय सेवालाल ताई, गटात स्वागत." बाकी कुणी काही लिहिले नाही.

मी ही ओळ जपून ठेवली आहे कारण तिच्यात विनवणी नाही आणि भाषणही नाही. नियम सर्वांना सारखा, एवढेच मागणे आहे. राज्यघटना मागते तेवढेच.

यावर आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "बाई, तू ज्या बायकांसाठी काम करतेस त्या सगळ्या आपल्या समाजाच्या नाहीत. जय भीम वाचून दुसऱ्या समाजाची बाई तुझ्याकडे येणार नाही. तिचे नुकसान होईल." हा आक्षेप मी झटकत नाही. एक बाई माझ्या घरात यायला तयार नव्हती, मग आम्ही धुऱ्यावर बसून बोललो. असे होते. पण विचार करा, मी आडनाव सांगताच तिला कळते. रिठद म्हटले की पुढचा प्रश्न "रिठदात कुठं राहता?" हा असतो आणि उत्तरातून वस्ती कळते. अभिवादन लपवून जात लपत नाही, फक्त आपण घाबरतो हे कळते. ज्या बाईला रात्री मार बसतो ती बहुतेक वेळा फोन कोण उचलते ते पाहते.

आडनावाचेही तसेच. आमच्यातले काही तरुण परिचयात नाव आणि वडिलांचे नाव एवढेच लिहितात. तो त्यांचा निर्णय आहे आणि तो मला समजतो. मी पूर्ण लिहिले, कारण कार्यालयातले पत्र, ओळखपत्र, पंचनाम्यावरची सही या सगळ्यांत पूर्ण नावच असते आणि शोधणाऱ्या माणसाला मी सापडायला हवी. जो गट कामाचा नाही तिथे कदाचित मी लिहिणार नाही.

परिचयात दुसऱ्याचे आयुष्य देऊ नका

शेवटचा मुद्दा माझ्या मते सर्वात गंभीर आहे. माझ्याबरोबरच गटात घेतलेल्या एका तरुण कार्यकर्त्याने माझ्या आधी परिचय टाकला होता. नाव, संस्था, आणि खाली : नुकताच अमुक गावात चौदा वर्षांच्या मुलीचा बालविवाह थांबवला. सोबत फोटो. मुलीचा चेहरा झाकला होता, पण शेजारी बाप उभा होता, मागे घर होते आणि गावाचे नाव लिहिले होते. चाळीसच्या वर अंगठे आले. कुणी "सलाम" लिहिले.

त्या गावात बापाला न ओळखणारे कोण आहे? आणि गटात पत्रकार होता.

ज्या मुलीचे लग्न लागायचा धोका आहे ती बाल न्याय कायदा २०१५ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक ठरते. त्या कायद्याचे कलम ७४ तिची ओळख पटेल असे काहीही उघड करायला मनाई करते. नाव, पत्ता, शाळा, फोटो, यातले काहीही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पोक्सोचे कलम २३ वेगळे आहे. "गट अॅडमिनचा, जबाबदारी त्यांची" असे कुणी समजू नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितले की, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर, केवळ अॅडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. म्हणजे आपण लिहिले त्याचे उत्तर आपणच देणार.

मी त्या भावाला गटात काही बोलले नाही. चारचौघांत चूक दाखवली की माणूस ती सोडत नाही, धरून बसतो. वेगळा संदेश केला : "दादा, काम चांगले केले. पण फोटोतल्या वडिलांमुळे पोरगी ओळखू येते. कलम ७४ पाहा. Delete for everyone केले तर बरे." तो आपल्याच समाजाचा पोरगा निघाला. आधी म्हणाला, "ताई, काम दाखवलं नाही तर आपल्याला कोण विचारतं?" हे वाक्य ऐकून मला माझा पहिला मसुदा आठवला. त्याने पदवीच्या जागी ती मुलगी ठेवली होती. मी त्याला एवढेच लिहिले की आपली ओळख पटावी म्हणून तिची ओळख खर्च करू नको.

त्याने तो संदेश काढला. पाठवल्यापासून साधारण दोन दिवसांच्या आत तसे करता येते, नंतर येत नाही, म्हणून उशीर चालत नाही. पण तोवर ज्यांच्या फोनमध्ये फोटो उतरला होता त्यांच्याकडे तो राहिलाच असेल. ती गोष्ट परत घेता येणारी नव्हती. नंतर त्याने परिचय पुन्हा टाकला : नाव, संस्था, कोणत्या गावांत काम, कधी फोन करावा. चार ओळी. या वेळी अंगठे सहा आले. त्याला वाईट वाटले असावे. मात्र त्याच आठवड्यात एका ग्रामसेवकाने त्याला ग्राम बाल संरक्षण समितीच्या बैठकीला बोलावले, हे त्यानेच मला कळवले.

परवा एका कार्यशाळेत हजेरीपत्रक फिरले. मोबाईलच्या रकान्यात मी कामासाठी घेतलेल्या दुसऱ्या सिमचा नंबर लिहिला आणि सहीशेजारी छोट्या अक्षरांत "गटात घेण्याआधी विचारावे" असे लिहिले. आयोजकाने वाचले, माझ्याकडे पाहिले आणि कागद पुढे सरकवला. माझ्या शेजारी बसलेल्या पोरीनेही सहीशेजारी तेच लिहिले.

आईला अजून एक शंका आहे. ती म्हणते, "त्याईनं नाई इचारलं तं नाई इचारलं, पन तू त्या पोराले कलम सांगतलं ते बरं केलं."

जयभीम!